आधी ओटी, मग आभार

परवा आमच्या वन्सं नाशिकला परत गेल्या. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या, अडीच महिने इथे धाकट्या डहाणूत राहिल्या. निघायच्या आदल्या दिवशी मुलाने निरोपाचा मजकूर लिहून दाखवला, "आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत." म्हटलं, अरे, ही तुझी आत्या आहे, संमेलनाची अध्यक्षा नव्हे!

आपल्याकडे निघणारा "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. राहणारा "या" म्हणतो. पुढची भेट त्यात गृहीतच असते. आणि बाईमाणसाचे आभार मानते ती ओटी. हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण. पण पाहुणी विधवा असली की करंडा तिच्यासमोरून पुढे सरकतो. मग ती उणीव आपण भरून काढतो पिशवीभर चिकू, सुके बोंबील आणि गोड शब्दांनी. हे आभार खोटे आहेत. वन्संच्या बाबतीत मीही बारा वर्षं हेच करत आले, हे कबूल करते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. पण ठराव चावडीवर होतो, करंडा आपल्या देवघरात असतो.

शेजारीण म्हणाली, "त्यांनाच नको असतं हो." असेलही. पण विचारलंय कोणी? चारचौघांत एकदम कुंकू पुढे केलं तर ती बाई हात मागे घेणारच. म्हणून आदल्या रात्री, दोघीच असताना विचारावं. कुंकू नको म्हणाली तर आग्रह नको. तांदूळ-नारळाला तर कुणाची हरकत नसावी.

मी तसंच विचारलं. वन्सं बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी बघू."

सकाळी ओटी भरताना मी एवढंच म्हटलं, "वन्सं, रात्री दोन-दोन वाजता मला धरून मोरीपर्यंत नेलंत, एकदा कुरकुर केली नाहीत. ते मी विसरायची नाही. गणपतीला आठ दिवस आधी या. या वेळी पुरण मी वाटेन, तुम्ही नुसतं बसून चुका काढायच्या."

नुसतं "पुन्हा या" म्हणणं सोपं असतं. कधी ते सांगावं, आणि त्यांनी काय केलं तेही नाव घेऊन सांगावं. "काही चुकलं असेल तर माफ करा" मात्र म्हणू नये. बिचाऱ्या पाहुणीलाच मग "छे छे" करत आपली समजूत काढावी लागते.

वन्संनी ओटीतले चार दाणे परत माझ्या ताटात टाकले. कपाळावर कुंकू होतं.

"येते गं," म्हणाल्या.

"या," म्हटलं.