रजेवर असताना शाळेचा फोन आला तर...



मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवसांची रजा घेतली. रीतसर अर्ज दिला, मंजूरही झाला. पहिल्याच सकाळी दवाखान्यात सात फोन आले. प्रत्येकाला मी म्हणालो, "दवाखान्यात आहे, पण बोला ना." हा 'पण'च नडला. समोरच्याला वाटलं, सर मोकळेच आहेत.

नंतर शांतपणे पाहिलं तर सातपैकी चार फोन माझ्याच चुकीमुळे आले होते. पोषण आहाराची रोजची नोंद माझ्या मोबाईलवरून होत होती, ओटीपीही माझ्याकडेच येत होता आणि कपाटाची किल्ली माझ्या पिशवीत होती. अशा वेळी सहकाऱ्यांनी फोन करायचा नाही तर काय करायचं? म्हणून आता रजेच्या आदल्या दिवशी किल्ली, हजेरीपत्रक आणि अर्धवट कामांची यादी लिहून देतो. नोंद दुसऱ्या मोबाईलवरून होते का, तेही समोर बसून करून पाहतो.

मग मुख्याध्यापकांना आणि वर्गाच्या पालक-गटावर एकच निरोप टाकतो:

"नमस्कार. १२ ते १५ तारखेपर्यंत मी रजेवर आहे. वर्गाचं काम जोशी मॅडम पाहतील. दिवसा फोन घेता येणार नाही. रोज संध्याकाळी ७ ते ७.३० मी निरोप पाहून उत्तर देईन. मुलाला दुखापत झाली किंवा तसंच काही तातडीचं असेल, तर आधी शाळेत कळवा."

"गरज पडल्यास फोन करा" असं मात्र लिहू नका. प्रत्येकाला आपली गरज मोठीच वाटते.

तरीही फोन येतोच. तो उचलून वाद घालण्यापेक्षा मी दोन ओळी पाठवतो: "सर, आत्ता बोलता येत नाही. संध्याकाळी ७ वाजता फोन करतो. आजच हवं असेल तर जोशी मॅडमकडे फाईल आहे." पुन्हा फोन आला तर पुन्हा हेच. कारणं सांगायची नाहीत. एकदा कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. आणि सातला फोन करायचाच, विसरायचं नाही. तो एकदा चुकला की उद्यापासून दुपारी दोनलाच फोन वाजतो.

याला मर्यादाही आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि अधिकारी रजेवरून परतही बोलावू शकतात. पण परत बोलावणं वेगळं आणि "तो तक्ता कुठे आहे हो?" वेगळं. परत यायला सांगितलंच, तर मी नम्रपणे एवढंच म्हणतो, "लेखी कळवा, निघतो." आजवर एकदाच असं विचारलं. समोरून उत्तर आलं, "राहू द्या, सोमवारी बघू."