लिमिट वाढवून मागताना

सप्टेंबर संपला की सहामाहीचे आकडे हाती येतात. ज्यांचे काम वाढले आहे त्यांची सीसी याच सुमारास गळ्यापर्यंत आलेली असते. मग शाखा व्यवस्थापकांना पत्र जाते. त्याचा मजकूर पाठ केल्यासारखा असतो: ‘आमचा व्यवसाय गेल्या वर्षभरात लक्षणीय वाढला असून कच्च्या मालाचे दरही वाढले आहेत. आपल्या बँकेशी आमचे अनेक वर्षांचे संबंध आहेत. तरी आमची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.’ खाली सही, शिक्का आणि ‘सोबत: जीएसटी रिटर्न’.

या पत्रात खोटे काहीच नाही. पण ते वाचून कोणाला काही ठरवताही येत नाही. आपण पत्र ज्यांच्या नावे लिहितो ते साहेब आपल्याला ओळखतात, दिवाळीला शेडवर येऊन चहाही घेऊन जातात. पण बहुतेक बँकांत आता प्रस्ताव छाननीसाठी दुसरीकडे, प्रोसेसिंग सेल किंवा क्षेत्रीय कार्यालयात जातो. तिथल्या अधिकाऱ्याने तुमची भट्टी पाहिलेली नसते. त्याच्यापुढे पत्र, ताळेबंद, स्टॉक स्टेटमेंट आणि खात्याचा उतारा एवढेच असते. ‘अनेक वर्षांचे संबंध’ त्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. त्याला हवे असते ते एवढेच: पैसा नेमका कुठे, किती दिवस अडकतो आणि त्यात मालकाचा स्वतःचा वाटा किती आहे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसारखे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरले आहेत, पण कोल्हापुरातल्या फाउंड्रीवाल्यांना ते परके वाटणार नाहीत. गेल्या वर्षीची विक्री ४ कोटी ८० लाख, सीसी ८० लाखांची. यंदा एप्रिल ते सप्टेंबरची विक्री २ कोटी ९५ लाख झाली, म्हणजे वर्षअखेर ६ कोटींचा अंदाज अवास्तव नाही. पिग आयर्न आणि स्क्रॅप आवारात आठवडाभर राहते. मोल्डिंगपासून फेटलिंग आणि मशिनिंगपर्यंत माल पंधरा दिवस फिरतो. तयार कास्टिंग आठवडाभर पडून असते. बिल निघाल्यावर पैसे यायला सरासरी दोन महिने लागतात. मोठा ग्राहक कागदावर साठ दिवस म्हणतो, पण त्याचे साठ दिवस माल त्याच्या दारात उतरून जीआरएन झाल्यावर सुरू होतात आणि पेमेंट महिन्यातून ठरावीक तारखांनाच सुटते. त्याचे सत्तर होतात, लहान ग्राहकांचे तीस-पस्तीस. एकूण चक्र तीन महिन्यांचे. महावितरणचे बिल मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेलाच भरावे लागते.

हे तीन महिने महत्त्वाचे आहेत. नायक समितीने १९९२ मध्ये लघुउद्योगांसाठी जे सूत्र घालून दिले ते याच गृहीतकावर उभे आहे. अंदाजित वार्षिक विक्रीच्या पंचवीस टक्के, म्हणजे तीन महिन्यांच्या विक्रीइतके खेळते भांडवल लागते असे धरायचे. त्यातले किमान वीस टक्के बँकेने द्यायचे आणि पाच टक्के मालकाने आणायचे. लहान उद्योगांच्या ५ कोटींपर्यंतच्या मर्यादांना बँका आजही हेच सूत्र लावतात. आपल्या फाउंड्रीला ६ कोटींवर दीड कोटी लागतील. त्यात बँकेचे १ कोटी २० लाख आणि मालकाचे ३० लाख.

इथवर सगळे जण येतात. ‘सूत्राप्रमाणे एक-वीस बसतात, मग बँक देत का नाही?’ असे विचारणारे वाचक आम्हाला वर्षभर भेटतात. उत्तर बहुधा त्या ३० लाखांत असते.

मालकाचा वाटा म्हणजे चालू मालमत्तेतून चालू देणी वजा करून उरणारी रक्कम. तो घरात किंवा दुसऱ्या खात्यात ठेवलेला पैसा नव्हे. आपल्या फाउंड्रीचा सप्टेंबरअखेरचा हिशेब असा: साठा ४२ लाख, येणी १ कोटी १३ लाख, रोख व शिल्लक ३ लाख, मिळून १ कोटी ५८ लाख. समोर मालाचे देणे २६ लाख, पगार, वीज, जीएसटी आणि जुन्या कर्जाचे वर्षभरातले हप्ते मिळून ३० लाख, आणि सीसी ८० लाख. म्हणजे १ कोटी ३६ लाख. उरले २२ लाख. आठ लाख कमी पडतात. छाननी करणाऱ्याची पेन्सिल इथेच थांबते.

हे आठ लाख गेले कुठे? जूनमध्ये १४ लाखांचे मोल्डिंग मशीन आले आणि त्याचे पैसे सीसीतून दिले गेले. टर्म लोनचे कागद जमवायला वेळ नव्हता, लिमिटमध्ये जागा होती, चेक फाडला. आपल्याकडे हे इतके सर्रास चालते की यात काही चुकले असे कोणाला वाटतच नाही. पण तीन महिन्यांत परत फिरणारा पैसा दहा वर्षे चालणाऱ्या यंत्रात रुतून बसला. पुढच्या सहा महिन्यांची चणचण वाढलेल्या धंद्याइतकीच या यंत्राचीही आहे. बँकेच्या भाषेत हे निधी दुसरीकडे वळवणे होते, आणि ते खात्याच्या उताऱ्यात पुरवठादाराच्या नावानिशी दिसते. पत्रात त्याचा उल्लेख टाळला तर अधिकारी ते स्वतः शोधून काढतो. मग बाकीच्या आकड्यांकडेही तो त्याच नजरेने पाहतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की पत्रात ही गोष्ट आपणहून लिहावी आणि सोबत दुरुस्तीही मागावी. यंत्राच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्के, म्हणजे साडेदहा लाखांचे पाच वर्षांचे मुदत कर्ज मागायचे आणि ती रक्कम थेट सीसीत भरायची. येत्या वर्षातले सुमारे दोन लाख दहा हजारांचे हप्ते चालू देण्यांत धरले तरी मालकाचा वाटा २२ वरून ३० लाख ४० हजारांवर जातो आणि अट पुरी होते. मात्र असे मागाहूनचे कर्ज खरेदी ताजी असतानाच मिळते. किती ताजी, हे प्रत्येक बँक आपापले ठरवते. जूनचे यंत्र ऑक्टोबरात सांगता येते, दोन वर्षांनी नाही. तो मार्ग बंद झाला असेल तर घरच्या मंडळींचे बिनव्याजी पैसे आणून ‘लिमिट चालू असेतो काढणार नाही’ असे हमीपत्र द्यावे लागते.

दुसरी गफलत लिमिट आणि ड्रॉइंग पॉवर एकच समजण्याची. मंजूर लिमिट कितीही असो, उचल डीपीइतकीच मिळते. साठा ४२ लाख, त्यातून मालाचे देणे २६ लाख वजा, राहिले १६ लाख. नव्वद दिवसांच्या आतली येणी १ कोटी ४ लाख, कारण ९ लाख जुने असल्याने धरले जात नाहीत. बेरीज १ कोटी २० लाख, पंचवीस टक्के मार्जिन कापून डीपी ९० लाख. (येण्यांवर काही बँका याहून जास्त मार्जिन कापतात, आपले मंजुरीपत्र पाहावे.) म्हणजे एक-वीस मंजूर झाले तरी आज हाती वाढीव दहाच लाख पडतील. हे माहीत नसलेला मालक मंजुरी आल्याच्या आनंदात पुढच्या तारखांचे चेक देऊन बसतो.

पण ही डीपी वाढवण्याचा रस्ताही याच आकड्यांत आहे. स्क्रॅपवाल्यांना पूर्वी दहा दिवसांत पैसे मिळत, आता महिना लागतो आणि ते किलोमागे रुपया-दीड रुपया चढा लावतात. त्यांचे १७ लाख चुकते केले की मालाचे देणे ९ लाखांवर येते आणि डीपी जवळजवळ १ कोटी ३ लाख होते. उरलेली मर्यादा चौथ्या तिमाहीच्या विक्रीबरोबर वापरात येईल. वाढीव पैसा कशाला हवा, याचे उत्तर ‘धंदा वाढला’ असे न देता ‘स्क्रॅप पुन्हा दहा दिवसांच्या बोलीवर घ्यायचे आहे’ असे दिले, तर वाचणाऱ्याला पैसा कुठे जाणार आणि कसा परतणार हे दिसते.

एवढे हाती असले की पत्र एका पानात होते. त्याचा गाभा असा असावा:

‘मा. शाखा व्यवस्थापक साहेब, आमची सीसी मर्यादा ८० लाखांवरून १ कोटी २० लाख करावी, अशी विनंती आहे. सहामाहीत २ कोटी ९५ लाखांची विक्री झाली असून हातातल्या ऑर्डरी पाहता वर्षअखेर ती ६ कोटी होईल. जूनमध्ये १४ लाखांचे मोल्डिंग मशीन सीसीतून घेतले. त्यापोटी साडेदहा लाखांचे मुदत कर्ज देऊन ती रक्कम सीसीत वळती करावी. त्यानंतर आमचा स्वतःचा वाटा ३० लाख ४० हजार राहील. सध्याची डीपी ९० लाख आहे. पुरवठादारांचे १७ लाख चुकते केल्यावर ती सुमारे १ कोटी ३ लाख होईल. नव्वद दिवसांवरील ९ लाखांच्या येण्यांची यादी वसुलीच्या अपेक्षित तारखांसह जोडली आहे.’

‘उपकृत करावे’ वगैरे शेवटी हवे तर लिहावे, त्याने काही बिघडत नाही. तारणाचा प्रश्न वेगळा आहे. वाढीव रकमेला गहाण काही नसेल तर सीजीटीएमएसईची हमी घेण्याची तयारी एका ओळीत नोंदवावी. तिचे शुल्क दरवर्षी भरावे लागते, ते आपल्या हिशेबात धरावे.

आकडे फुगवण्याचा मोह मात्र टाळावा. सूत्र अंदाजित विक्रीवर चालते म्हणून ६ कोटींचे ९ कोटी लिहिणारे सल्लागार आपल्याच भागात आहेत. अधिकारी सहामाहीची थ्रीबी रिटर्न काढतो, दुपटीशी ताडून पाहतो आणि खात्यात जमा झालेल्या रकमाही बेरजेला घेतो. वसुली दुसऱ्या बँकेच्या खात्यात जात असेल तर इथली विक्री कमी दिसणारच. स्टॉक स्टेटमेंट आणि जीएसटीचे आकडे जुळत नसतील तर पत्र देण्याआधी फरकाचे कारण लिहून ठेवावे. तीन महिन्यांहून जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर काढलेली उचल रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अनियमित ठरते. असे खाते घेऊन वाढ मागायला जाण्यात अर्थ नाही.

‘ऑडिट झालेला ताळेबंद आणा, मग बघू’ असे उत्तर मिळाले तर एक गोष्ट नम्रपणे दाखवावी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१५ मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जपुरवठ्याविषयी परिपत्रक काढले. मागणी खरोखर वाढल्याची खात्री पटल्यास वर्षाच्या मध्येच मर्यादेचा आढावा घेऊन ती वाढवता येते, त्यासाठी चालू वर्षाच्या ऑडिटची वाट पाहायची गरज नाही, असे त्यात आहे. पुढे वार्षिक आढाव्यात ऑडिट झालेल्या आकड्यांवर ही वाढ पुन्हा तपासली जाते. म्हणूनही सहामाहीचा अंदाज खरा असावा.

पत्राची पोच तारखेसह घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा; ते देणे बँकेचे काम आहे. आणि हे सगळे सप्टेंबरचे आकडे ताजे असताना, ऑक्टोबरातच करा.