केमोथेरपीने खरोखर किती भर पडते?

सुनंदाकाकूंचे वय ५८. स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली गेली. अहवालानुसार ती २ सेंटिमीटरची होती आणि काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला नव्हता. गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या आधाराने वाढणाऱ्या होत्या, आणि हर-२ नावाचे प्रथिन त्यांच्यात वाढलेले नव्हते. आता प्रश्न केमोथेरपीचा होता. थोरला मुलगा म्हणाला, “खर्चाचा विचार नको. आईसाठी जे जे शक्य आहे ते सगळे करू.” धाकट्या सुनेला मात्र सासूबाईंची प्रकृती ती औषधे सोसेल का, याची चिंता होती. डॉक्टरांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि काढलेल्या गाठीची जनुक-तपासणी करून मग ठरवावे, असे सुचविले.

हे कुटुंब उदाहरणादाखल घेतले आहे. परंतु असा प्रसंग अनेक घरांत येतो. म्हणून ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘जनुक’ हा शब्द ऐकताच आईचा आजार मुलीला होईल का, ही शंका मनात येते. आनुवंशिक दोष शोधणारी बीआरसीए तपासणी रक्तातून वा लाळेतून होते, आणि ती वेगळी. येथे तपासली जाते ती गाठ. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. त्यालाच रुग्णालयात ‘ब्लॉक’ म्हणतात. त्या ब्लॉकचे पातळ काप प्रयोगशाळेत पाठविले जातात. पेशीत हजारो जनुके असली तरी सर्व एकाच वेळी सारख्या जोमाने काम करीत नाहीत. कोणते जनुक किती सक्रिय आहे, हे त्यापासून तयार होणाऱ्या आरएनएच्या प्रमाणावरून मोजता येते.

यांतील सर्वाधिक अभ्यासलेली तपासणी म्हणजे ऑन्कोटाइप डीएक्स. तिच्यात २१ जनुके मोजतात. त्यांपैकी ५ केवळ तुलनेसाठी, जणू तराजूतील वजने. उरलेली १६ कर्करोगाशी संबंधित. पेशींचे विभाजन वेगाने चालले असल्याचे दर्शविणारी जनुके जोरात असली की गुणांक वाढतो. इस्ट्रोजेनशी संबंधित जनुके जोरात असली की तो उतरतो. अखेरीस ० ते १०० यांमधील एक आकडा हाती येतो.

या आकड्याचा केमोथेरपीशी संबंध का असावा? केमोथेरपीची औषधे मुख्यतः विभाजित होत असलेल्या पेशींवर आघात करतात. ज्या गाठीत विभाजन संथ आणि संप्रेरकावरील अवलंबन अधिक, तिथे त्या औषधांना पकडण्यासारखे फारसे नसते. संप्रेरकाचा पुरवठा तोडणारी गोळीच तिथे खरे काम करते. उलट विभाजन वेगवान असेल, तर केमोथेरपी प्रभावी ठरते.

अमेरिकेतील एका जुन्या चाचणीतील सुमारे साडेसहाशे स्त्रियांच्या जतन केलेल्या गाठींवर ही तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा गुणांक ३१ किंवा अधिक होता, त्यांच्यापैकी केवळ गोळी घेणाऱ्या दर १०० स्त्रियांमागे सुमारे ६० जणी दहा वर्षांनंतर दूरच्या अवयवांतील प्रसारापासून मुक्त होत्या. गोळीला केमोथेरपीची जोड मिळालेल्यांत हा आकडा ८८ होता. कमी गुणांकाच्या स्त्रियांत मात्र भर पडल्याचे दिसले नाही.

प्रश्न उरला मधल्या गटाचा. त्याचे उत्तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स या मोठ्या चाचणीने दिले. काखेत रोग नसलेल्या आणि ११ ते २५ गुणांक असलेल्या ६,७०० हून अधिक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला केवळ संप्रेरकविरोधी उपचार, दुसऱ्याला त्यासोबत केमोथेरपी. नऊ वर्षांनंतर पहिल्या गटातील १०० पैकी सुमारे ९४.५ आणि दुसऱ्यातील सुमारे ९५ स्त्रिया दूरच्या प्रसारापासून मुक्त होत्या. हयात असलेल्यांचे प्रमाणही दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, १०० पैकी ९४ च्या आसपास. याचा अर्थ असा की अशा शंभर जणींनी केस गळणे, पांढऱ्या पेशी घटून होणारा जंतुसंसर्ग, हातापायांची बधिरता हे सारे सोसले, तरी पदरी पडणारी भर नगण्य.

सुनंदाकाकूंचा गुणांक २२ आला. त्यांना केमोथेरपी देण्यात आली नाही. थोरल्या मुलाला हे प्रथम पटेना. उपचारात काही कसर राहते आहे, असे त्याला वाटले. तेव्हा डॉक्टरांनी त्याला वरील दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखविले.

मात्र २२ हाच आकडा ४३ वर्षांच्या, मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अहवालात असता, तर चर्चा निराळी झाली असती. त्याच चाचणीत ५० वर्षे वा त्याखालील आणि २१ ते २५ गुणांकाच्या स्त्रियांत केमोथेरपीमुळे नऊ वर्षांत दर शंभरी सहा ते सात जणींचा दूरचा प्रसार टळल्याचे दिसले. यातील काही लाभ केमोथेरपीने अंडाशयाचे कार्य थांबत असल्यामुळे असावा, असे अनेक तज्ज्ञांना वाटते. म्हणून अशा रुग्णांत अंडाशयाचे कार्य औषधाने थांबविण्याचाही विचार होतो. काखेतील १ ते ३ ग्रंथींत रोग असतानाही वयाचा हाच भेद आढळला: २५ पर्यंत गुणांक असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना केमोथेरपीचा लाभ दिसला नाही, पाळी चालू असलेल्यांना दिसला. म्हणून शेजारणीचा आकडा आणि तिचा उपचार पाहून आपला निर्णय घेता येत नाही.

तपासणीला मर्यादाही आहेत. हर-२ वाढलेल्या किंवा संप्रेरकाचा आधार नसलेल्या गाठींसाठी ती नाही. फॉर्मेलिनमध्ये तुकडा वेळेवर आणि नीट ठेवला गेला नाही, तर आरएनए खराब होतो. आधीच्या बायोप्सीच्या जखमेभोवतीच्या पेशी नमुन्यात मिसळल्या, तर गुणांक खोटा वाढू शकतो. अहवालात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ यांची मापे स्वतंत्रपणे दिलेली असतात. ती रुग्णालयाच्या मूळ अहवालाशी जुळतात का, हे पाहावे. जुळत नसतील, तर ब्लॉक पुन्हा तपासण्यास सांगावे. खर्चही लाखांच्या घरात जातो. म्हणून उत्तर काहीही आले तरी निर्णय बदलणार नसेल, तर ही तपासणी करण्यात अर्थ नाही.

शेवटची गोष्ट सुनंदाकाकूंना डॉक्टरांनी निघताना सांगितली. ९४.५ हा आकडा संप्रेरकविरोधी उपचार लाभलेल्या स्त्रियांचा आहे. केमोथेरपी टळली म्हणजे उपचार संपला, असे नव्हे. सांधे दुखू लागले म्हणून दोन वर्षांनी गोळी परस्पर बंद केली, तर तो हिशेब त्यांना लागू राहणार नाही. सांधे दुखले तर गोळी बदलता येते. त्यासाठी दवाखान्यात यावे, गोळी सोडू नये. काकूंची गोळी किमान पाच वर्षे, रोज एक, अशी ठरली. रोज सकाळी ती आठवणीने देण्याचे काम थोरल्या मुलाने स्वतःकडे घेतले.