अठरा टक्के, पण कशाचे?

रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक सॉसेज, खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५मध्ये हे जाहीर केले आणि अनेकांचा समज झाला, की असे मांस खाणाऱ्या शंभरातील अठरा जणांना कर्करोग होणार. आकडा खरा होता, अर्थ चुकला.

हे १८ टक्के म्हणजे सापेक्ष जोखीम. मुळात जो धोका आहे, त्यात झालेली वाढ. मूळ धोका किती, हे कळल्याशिवाय ती निरर्थक ठरते. ब्रिटनमध्ये शंभरातील साधारण सहा जणांना आयुष्यात कधी तरी हा कर्करोग होतो. सहाचे १८ टक्के म्हणजे जेमतेम एक. म्हणजे रोज सॉसेज खाणाऱ्या शंभर जणांत ढोबळमानाने सहाऐवजी सात रुग्ण. शंभरामागे एकाची ही वाढ म्हणजे निरपेक्ष जोखमीतला फरक. भारतात हा कर्करोग बराच कमी आढळतो. समजा, मूळ धोका शंभरात एक असेल, तर तीच १८ टक्के वाढ हजारामागे दोघांच्याही आत राहते.

दुसरा घोळ वर्गवारीने केला. प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच पहिल्या गटात बसवले गेले. मात्र हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नव्हे. धूम्रपानाने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका पंधरा-वीस पट किंवा त्याहूनही जास्त वाढतो. इथे तो सव्वापटही होत नाही.

मग हॅम, बेकन, सलामी, गोव्याचे चोरिस निर्धास्त खावे का? तसेही नाही. शंभरातील एक हा आकडा एका माणसासाठी लहान असला, तरी दहा लाख माणसांमागे तो दहा हजार रुग्णांचा होतो. शिवाय मांस टिकवण्यासाठी घातलेल्या नायट्राइटपासून आतड्याला अपायकारक संयुगे तयार होऊ शकतात, त्यामुळे हा संबंध केवळ आकड्यांचा योगायोग नाही. ताज्या मटणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात आहे, कारण त्याबाबतचा पुरावा तुलनेने मर्यादित आहे. शिवाय हे आकडे रोजच्या खाण्याचे आहेत. रविवारच्या रश्श्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

खरी चूक बातमी देण्याच्या पद्धतीत आहे. 'धोका १८ टक्क्यांनी वाढतो' या वाक्याशेजारी 'शंभरात सहावरून सातवर' हे वाक्य छापायला एक ओळ पुरते. ती गाळली, की कुणी विनाकारण घाबरतो आणि कुणी पुढच्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करतो. टक्केवारी छापणाऱ्याने मूळ आकडाही छापलाच पाहिजे.