चहाच्या पिशवीची कड

कागदी दिसणारी चहाची पिशवी निव्वळ कागदाची असतेच असे नाही. कडा उष्णतेने चिकटाव्यात म्हणून पुष्कळ पिशव्यांच्या कागदात पॉलिप्रॉपिलीनचे तंतू मिसळलेले असतात. कड दुमडून पिनेने वा दोऱ्याने बांधलेली असेल, तर त्या तंतूंची गरज उरत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी आधी कड पाहावी. रेशमासारखी चमकणारी त्रिकोणी पिशवी मात्र बहुधा नायलॉनची किंवा पीईटीची असते. तिचा रिकामा तुकडा चिमट्यात धरून उघड्या हवेत पेटवल्यास तो आकसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. कागदाची केवळ राख होते.

अशाच प्लॅस्टिकच्या पिशव्या २०१९ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी, आतील चहा काढून, ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवल्या. एका पिशवीतून सुमारे ११.६ अब्ज सूक्ष्म कण सुटल्याचे त्यांनी नोंदवले. या आकड्यावर जर्मनीतील शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. पिशवीतून विरघळलेले पदार्थ नमुना वाळवताना स्फटिकरूप झाले व तेही कण म्हणून मोजले गेले असावेत, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप रास्त वाटतो. शिवाय अशा कणांनी माणसाला नेमकी कोणती हानी होते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. पण प्लॅस्टिक उकळत्या पाण्यात काही ना काही सोडते, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

आपल्याकडे पिशवीपेक्षा गाळणीचाच वापर अधिक. तिच्यातून चहा क्षणभरातच उतरतो. मात्र तीच नायलॉनची जाळी वर्षानुवर्षे रोज तापते, आणि चोथा दाबताना चमचा तिच्यावर घासला जातो. जाळी सैल पडली, तिचे धागे विस्कटले, की गाळणी बदलावी. नवी घेताना जाळी पोलादी आहे ना, हे पाहावे.