पोह्यांच्या बशीत मटकी का हवी?

‘आठ वाजता बशीभर पोहे खाल्ले, तरी अकराला पोटात कावळे ओरडतात,’ ही तक्रार माझ्या दवाखान्यात नेहमी ऐकू येते. मग त्या अकराच्या भुकेला कटवडा, भजी नाहीतर चहाबरोबर बिस्किटे दिली जातात. वजन आणि रक्तातील साखर वाढण्यात या मधल्या खाण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून न्याहारी किती वेळ पुरते, हे पाहायला हवे.

न्याहारी टिकते ती मुख्यतः प्रथिने आणि चोथा यांच्यामुळे. हे दोन्ही असले की अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते. नुसता पिष्टमय पदार्थ लवकर पचतो आणि भूक परतते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली दिलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला ती पन्नास ग्रॅम होतात. त्यातली बारा ते पंधरा ग्रॅम न्याहारीतून मिळाली, तर दुपारपर्यंत चांगला आधार राहतो.

या मापाने आपल्या बशा मोजू. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांतून जेमतेम चार ग्रॅम प्रथिने आणि दोनएक ग्रॅम चोथा मिळतो. पन्नास ग्रॅम रव्याच्या उपम्यातून पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. पण बारीक रवा लवकर पचतो. मूठभर मटार, गाजर घातले तरच त्याला जोर येतो. इडली यांच्यापेक्षा सरस, कारण तिच्यात उडीद आहे. तीन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ घेतली, तर चार इडल्यांतून आठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शिवाय तांदळात जे कमी ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते तांदळात. मात्र डाळ कमी घातलेली इडली म्हणजे वाफवलेला भातच.

न चाळलेल्या कणकेचे दोन मेथी पराठे (ऐंशी ग्रॅम कणीक) आठ ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा देतात. सोबत वाटीभर दही घेतले, तर बाराचा आकडा गाठता येतो. फक्त तेल चमच्याने मोजावे. एका चमच्यात पंचेचाळीस उष्मांक असतात.

आता डब्यातल्या कॉर्नफ्लेक्सविषयी. तीस ग्रॅममध्ये प्रथिने दोनच ग्रॅम असतात. बाकीची येतात ती दुधातून. 1995 साली सिडनी विद्यापीठातील सुसाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ सारख्याच उष्मांकांचे देऊन दोन तास भूक तपासली. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तेव्हा कॉर्नफ्लेक्सला 118 मिळाले, ओटच्या लापशीला 209. म्हणजे डब्यावरचे चित्र पाहण्यापेक्षा मागची साखर आणि चोथ्याची ओळ वाचावी.

मग कोल्हापूरकराने पोहे सोडायचे का? मुळीच नाही. उपाय आपल्या मिसळीतच आहे. मिसळीतला दमदार भाग म्हणजे मटकी. कट, फरसाण आणि पाव यांनी तेल, मीठ नि मैदा वाढतो. ती मटकी पोह्यांबरोबर घ्या.

लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या दुकानदाराचे उदाहरण घेऊ. साठऐवजी चाळीस ग्रॅम पोहे (प्रथिने तीन ग्रॅम), वीस ग्रॅम म्हणजे लहान मूठभर शेंगदाणे (पाच ग्रॅम) आणि पंचवीस ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ (सहा ग्रॅम) घेतली. बेरीज चौदा ग्रॅम, आणि चोथाही दोनावरून सहा-सातावर गेला. उष्मांक थोडे वाढतात. पण अकराचा तळलेला वडा टळला, तर हिशेब फायद्यात राहतो. मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री फडक्यात बांधावी. दुसऱ्या सकाळी मोड तयार असतात. पोटात वायू होत असेल, तर सुरुवात दोन चमच्यांनी करावी आणि मटकी नीट शिजवावी.

आठवडाभर न्याहारीची वेळ आणि भूक लागल्याची वेळ कागदावर लिहा. भूक तासभर जरी पुढे सरकली, तरी बदल लागू पडला असे समजा.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवा. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भुकेबरोबर घाम सुटला, हात थरथरले, तर ती साधी भूक नसून साखर उतरल्याची खूण असू शकते. अशा वेळी उसळ शिजण्याची वाट पाहू नये. तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी, साखर तपासावी आणि गोळीच्या प्रमाणाविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.