मराठीचा एक 'ना', इंग्रजीचे अनेक टॅग

मराठीत 'ना' जोडला की काम झालं. "गाडी दौंडला थांबते ना?" "तू शिरूरचा ना?" "काल सुट्टी होती ना?" काळ बदलो, कर्ता बदलो, 'ना' तोच. ही सवय घेऊन आलेलं मूल इंग्रजीत क्वेश्चन टॅग म्हणून सगळीकडे 'इजन्ट इट' लावतं, यात नवल काय?

आपण फळ्यावर लिहितो : वाक्य होकारार्थी, तर टॅग नकारार्थी, वाक्य नकारार्थी, तर टॅग होकारार्थी. हे मुलांना लगेच कळतं. माझ्या मते खरं अडतं ते साहाय्यक क्रियापद शोधताना, आणि तिथेच आपण घाई करतो.

'द ट्रेन स्टॉप्स ॲट दौंड' हे वाक्य घ्या. यात साहाय्यक क्रियापद दिसतच नाही. टॅग बाजूला ठेवा आणि मुलांना आधी याचा साधा प्रश्न करायला सांगा : 'डझ द ट्रेन स्टॉप ॲट दौंड?' 'स्टॉप्स'मधला शेवटचा 'स' गेला आणि पुढे 'डझ' आला. आता हा 'डझ' घ्या, वाक्य होकारार्थी म्हणून 'डझन्ट' करा, ट्रेनऐवजी 'इट' ठेवा. टॅग तयार : 'डझन्ट इट?' गाडी काल थांबली असेल तर याच रीतीने 'डिडन्ट इट?'

चूकही नीट वाचा. मुलाने 'स्टॉप्सन्ट इट' लिहिलं तर त्याला उलटापालट समजली आहे, 'डझ' सापडला नाही. 'इजन्ट इट' लिहिलं तर बहुधा ते अजून 'ना'चंच भाषांतर करतंय. दोघांना एकच तक्ता पाठ करायला लावून कसं चालेल?

आता थोडं अवघड. शिरूरला रेल्वे नाही. म्हणून 'शिरूर हॅज नो रेल्वे स्टेशन'. यात 'नॉट' नाही, तरी 'नो'मुळे वाक्य नकारार्थीच. 'हॅज' इथे मुख्य क्रियापद आहे, त्यामुळे प्रश्न 'डझ'ने होतो आणि टॅग 'डझ इट?' ('हॅज इट?' ही जुनी ब्रिटिश पद्धत. कोणी लिहिलं तर लाल रेघ मारू नका.) 'नेव्हर', 'हार्डली' हेही असेच छुपे नकार. 'आय ॲम'चा 'आरन्ट आय' आणि 'लेट्स'चा 'शॅल वी' मात्र पाठच करावेत, दुसरा उपाय नाही.

उत्तराचा सराव तर आपण घेतच नाही. दौंडच्या मुलाला विचारा, 'यू आरन्ट फ्रॉम शिरूर, आर यू?' मराठीत तो "हो, मी शिरूरचा नाही" म्हणेल, म्हणून इंग्रजीतही 'येस' म्हणून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा शिरूरचाच! इंग्रजीतलं उत्तर विचारणाऱ्याच्या म्हणण्याला नसतं, वस्तुस्थितीला असतं. तो शिरूरचा नाही, म्हणून 'नो, आय ॲम नॉट'.